छज्जा किती काढायचा? मॉडेलवर ऊन-सावली बघून ठरवताना येणारे नेहमीचे प्रश्न (इंदूरच्या हिशोबाने)

घर बांधायला काढलेली मंडळी आणि ऑफिसात नवीन लागलेली ड्राफ्टिंगवाली पोरं हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळा हिशोब एकाच खिडकीवर केलाय: सिल अडीच फुटावर, लिंटेल सात फुटावर, म्हणजे काच साडेचार फूट उंच आणि चार फूट रुंद. तुमची खिडकी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

१. मिस्त्री तर चारी बाजूंना दोन फुटी छज्जा टाकतो, त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?

दक्षिणेच्या खिडकीवर मिस्त्रीचा दोन फुटी छज्जा इंदुरात खरंच बरोबर बसतो, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. पण तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता साडेचार फुटांपैकी जेमतेम वरच्या एक फुटावर सावली देतो, खालचे साडेतीन फूट उघडे. सिमेंट तेवढंच, सळई तेवढीच, उपयोग जवळजवळ शून्य. मॉडेलवर ऊन-सावली बघायची ती एवढ्यासाठीच, की कुठल्या भिंतीला छज्जा पुरतो, किती पुरतो, आणि कुठे छज्ज्याचा नाद सोडून दुसरं काही करायचं, हे शटरिंग बांधायच्या आधी कळावं.

२. कुठलं सॉफ्टवेअर लागतं आणि मॉडेल किती बारीक बनवायचं?

स्केचअप असेल तर तेच घ्या, मी इथे त्याचंच धरून लिहितोय. रेव्हिटमध्ये सूर्याची सोय आहे, ब्लेंडरमध्येही आहे, गणित सगळीकडे एकच कारण सूर्य एकच. मॉडेल मात्र साधं ठेवा. भिंती, खिडकीची भोकं, भिंतीच्या जाडीत काच जिथे बसते ती जागा, छज्जे, वरच्या मजल्याची बाल्कनी, आणि आजूबाजूच्या इमारती नुसते ठोकळे म्हणून. सोफे, झाडं, ग्रिलची नक्षी काही नको. एकच काळजी घ्या, भिंतीला जाडी द्या, नुसती पातळ फेस ठेवू नका, कारण खिडकीतली काच आत असली की हिशोब बदलतो (प्रश्न ९ बघा).

३. जागा आणि वेळ कशी सेट करायची? आणि सेट झालंय हे कळणार कसं?

इंदूर साधारण २२.७२ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८६ अंश पूर्व रेखांशावर आहे. डेस्कटॉप स्केचअपच्या रुबी कन्सोलमध्ये हे टाकलं की काम होतं:

```ruby
si = Sketchup.active_model.shadow_info
si["Latitude"] = 22.72
si["Longitude"] = 75.86
si["TZOffset"] = 5.5
si["DisplayShadows"] = true
```

सगळ्यात जास्त घोळ `TZOffset` मध्ये होतो. तिथे ५ राहिलं तर अख्खा दिवस अर्धा तास सरकतो, दक्षिणेला ते कळतसुद्धा नाही, पण पश्चिमेला दुपारी तीन-चारच्या सुमाराला अर्ध्या तासात दोन फुटी छज्ज्याची सावली अर्धा फूट इकडची तिकडे होते.

तपासणी अशी करा. मोकळ्या जमिनीवर दहा फुटी खांब उभा करा, तारीख २१ डिसेंबर, वेळ दुपारी १२:२५. सावली सरळ उत्तरेला पडली पाहिजे आणि तिची लांबी दहा फूट पाच इंचाच्या आसपास आली पाहिजे, कारण त्या दिवशी त्या वेळेला इंदुरात सूर्य ४३.८ अंशांवर असतो. लांबी बरोबर पण सावली तिरकी पडते, तर वेळ चुकलीय किंवा सावली तुम्ही प्लॉटच्या रेषेवर मोजताय. लांबीच चुकीची असेल तर अक्षांश किंवा तारीख बघा.

आणि हो, बारा वाजता सूर्य डोक्यावर का नाही हे खूप जण विचारतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून आपली खरी दुपार सरासरी २७ मिनिटं उशिरा होते, त्यात वर्षभर थोडं मागेपुढे होतं. घड्याळात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा सूर्याच्या हिशोबाने अजून साडेपाचच होत असतात, पश्चिमेच्या खोलीला हे चांगलंच भोवतं.

४. उत्तर दिशा मोबाईलच्या कंपासवरून घेतली तर चालेल ना?

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात इंदुरात एक अंशाच्या आतलाच फरक आहे, त्यामुळे कंपास तत्त्वतः चालतो. अडचण मोबाईलची आहे. कॉलमच्या सळया, लोखंडी गेट, बाजूला उभी गाडी, यांच्याजवळ तो दहा-पंधरा अंश आरामात इकडे तिकडे दाखवतो. त्यापेक्षा सॅटेलाईट नकाशावर आपल्या रस्त्याची किंवा कंपाउंडच्या भिंतीची रेषा बघा, ती उत्तरेशी किती अंश करते ते मोजा, आणि मॉडेल तेवढं फिरवून हिरवा अक्ष खऱ्या उत्तरेला लावा. नकाशावर जी बाजू 'पश्चिम' लिहिलेली असते ती पुष्कळदा वास्तुवाल्या काकांच्या सोयीची पश्चिम असते, तिच्यावर जाऊ नका.

५. कुठली तारीख धरायची? सगळे २१ जून म्हणतात.

२१ जून पाठ केलेलं उत्तर आहे आणि इंदुरात छज्ज्यासाठी जवळपास निरुपयोगी. त्या दिवशी दुपारी सूर्य माथ्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येतच नाही, सहा इंची छज्जासुद्धा पास होतो. आणि तोपर्यंत बहुतेक वर्षी पावसाळी ढग यायला लागलेले असतात.

दक्षिणेसाठी २१ मार्च धरा. त्या दिवशी एक गंमत होते, दक्षिणेच्या भिंतीवर छज्ज्याच्या सावलीची खालची रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच उंचीवर राहते, हलत नाही. मॉडेलमध्ये वेळेचा स्लायडर ओढून बघा, खात्री पटेल. २१ मार्चनंतर सप्टेंबरच्या २३ पर्यंत दक्षिणेचं ऊन त्याहून सोपंच असतं, म्हणजे एका तारखेत सहा महिने कव्हर. पश्चिमेसाठी १५ मे धरा, संध्याकाळी चार आणि पाच. आणि शेवटी २१ डिसेंबर एकदा बघायचंच, थंडीत ऊन आत येतंय की आपण तेही अडवून बसलोय ते कळायला.

ऑक्टोबरच्या गरमीचं काय, हा प्रश्न बरोबर आहे. १५ ऑक्टोबरचा सूर्य आणि फेब्रुवारीच्या शेवटचा सूर्य जवळपास एकाच उंचीवर असतो, पण ऑक्टोबरात ऊन नको असतं आणि फेब्रुवारीत सकाळी हवंसं वाटतं. पक्का छज्जा या दोघांत भेद करू शकत नाही, तेव्हा तिथे निर्णय तुमचाच. मी दोन ते अडीच फुटांच्या मध्ये थांबतो आणि ऑक्टोबरसाठी चिकाचा पडदा बाहेरून लावायला सांगतो.

६. मग छज्ज्याचा आकडा काढायचा कसा? ट्रिगनॉमेट्री जमत नाही.

नाही जमली तरी चालेल. मॉडेलमध्ये लिंटेलच्या पातळीला भिंतीतून बरोबर एक फूट बाहेर आलेली पट्टी काढा, वीस-पंचवीस फूट लांब ठेवा म्हणजे टोकांची सावली मध्ये लुडबुड करणार नाही. भिंतीवर दर सहा इंचाला आडवी रेघ मारून ठेवा, कारण स्केचअपमधली सावली ही खरी रेषा नसते, तिला टेप लावता येत नाही, नजरेने रेघांवर वाचावी लागते. आता तारीख-वेळ लावा आणि एका फुटाच्या पट्टीची सावली किती खाली उतरली ते वाचा. काचेची उंची भागिले तो आकडा, की झाला छज्जा. पट्टी दुप्पट केली की सावली दुप्पट उतरते, म्हणून हा भागाकार चालतो.

दक्षिण भिंत, २१ मार्च: एक फुटाला सावली २.३९ फूट उतरते. साडेचार भागिले २.३९ म्हणजे १.८८, साधारण एक फूट अकरा इंच. म्हणून मिस्त्रीचे दोन फूट बरोबर.

याच दोन फुटांखाली २१ डिसेंबरला दुपारी सावली १.९ फूटच उतरते, खालच्या अडीच फुटांवर ऊन. थंडीत आजी खुर्ची टाकून बसू शकते एवढं. छज्जा तीन फूट केलात तर हे ऊन दीड फुटावर येतं, म्हणून 'जास्त काढला तर बरंच' हे दक्षिणेला खरं नाही.

ज्यांना कॅल्क्युलेटर आवडतो त्यांच्यासाठी, हा 'एका फुटाला उतार' म्हणजे tan(सूर्याची उंची) भागिले cos(भिंतीच्या काटकोनापासून सूर्य बाजूला किती अंश). मॉडेलचा आणि याचा आकडा एक-दोन इंचात जुळला पाहिजे.

७. पश्चिमेला किती काढू? बेडरूम आहे, रात्री बारापर्यंत भिंत गरम असते.

तीच एक फुटी पट्टी पश्चिमेला लावा, १५ मे. दुपारी तीनला सावली १.३४ फूट उतरते, छज्जा लागेल तीन फूट चार इंच. चारला ०.८३ फूट, छज्जा साडेपाच फूट. पाचला ०.४९ फूट, छज्जा सव्वानऊ फूट. सहाला वीस फूट, म्हणजे मांडवच झाला. एवढा लांब छज्जा स्ट्रक्चरल इंजिनिअर टाकू देणार नाही आणि मार्जिनमध्ये तेवढी जागाही नसते, नकाशा पास करताना छज्जा किती बाहेर येऊ शकतो यालाही मर्यादा असते.

म्हणून पश्चिमेला मी छज्जा दोन फुटावरच ठेवतो, पाऊस अडवण्यापुरता, आणि ऊन अडवायचं काम काचेच्या बाहेर आडव्या पट्ट्यांना देतो. एक मोठा छज्जा कापून त्याचे बारीक छज्जे केल्यासारखंच ते, गणित तेच. पाच वाजता उतार एका फुटाला अर्धा फूट आहे, म्हणजे सपाट ठेवलेली चार इंची पट्टी दर दोन इंचाला लागेल, आणि मग बाहेरचं काही दिसणारच नाही. त्याच चार इंची पट्ट्या बाहेरच्या बाजूला ४५ अंश खाली झुकवल्या तर साडेतीन इंचाच्या अंतरावर बसवून संध्याकाळी सहापर्यंतचं ऊन कापतात, आणि वरून बघितलं तर खालचा रस्ताही दिसतो. मॉडेलमध्ये पट्ट्यांचा एकच तुकडा करून कॉपी मारा, मग चार, पाच, सहाला काचेवर उन्हाच्या रेघा उरतात का बघा. रेघा उरल्या तर अंतर अर्ध्या इंचाने कमी करा.

पूर्वेची गोष्ट हीच आहे, सकाळी नऊला जवळपास पाच फुटी छज्जा लागतो. पण सकाळी हवा गार असते, म्हणून पैसे मोजके असतील तर आधी पश्चिम.

८. आर्किटेक्टने पश्चिमेला उभ्या फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या, दाखवल्यात. दिसायला छान आहेत, चालतील?

मॉडेलमध्ये १५ मेला दुपारी तीन ते पाच बघा. त्या वेळात इंदुरात सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला असतो, पाच वाजतासुद्धा फक्त अकराएक अंश उत्तरेकडे सरकलेला. भिंतीला काटकोनात लावलेल्या उभ्या फिनच्या मधून तो सरळ आत येतो, फिनची सावली बाजूला पडतच नाही. फिन तिरक्या फिरवल्या तर अडवतील, पण मग एका बाजूचं दिसणं गेलं. नुसत्या काटकोनातल्या फिन म्हणजे एलिव्हेशनची सजावट, तिच्यावर खर्च करायचा तर तसं समजून करा.

९. काच भिंतीच्या आत आहे आणि छज्जा लिंटेलच्या वर आहे. मग मोजायचं कुठून?

आडवं माप काचेपासून, उभं माप छज्ज्याच्या खालच्या कडेपासून. नऊ इंची भिंतीत काच बाहेरून चार इंच आत बसवली असेल तर दक्षिणेला लागणाऱ्या एक फूट अकरा इंचातले चार इंच भिंतीनेच दिले, छज्जा भिंतीबाहेर एक फूट सात इंच पुरेल. उलट छज्जा लिंटेलच्या सहा इंच वर सरकला असेल, बॅंडच्या लेव्हलला टाकतात तसा, तर साडेचारऐवजी पाच फूट झाकायचे आहेत, आणि गरज दोन फूट एक इंचावर जाते. हे दोन्ही एकत्र असेल तर दोन्ही धरा.

१०. दोन फुटी छज्जा लावला तरी दक्षिणेच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात उन्हाचा त्रिकोण दिसतो. मॉडेल चुकलंय का?

मॉडेल बरोबर आहे, छज्ज्याची लांबी कमी आहे. प्रश्न ६ मधली पट्टी वीस फुटी होती, खरा छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचच जास्त असतो. २१ मार्चला दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य इतका पश्चिमेला गेलेला असतो की छज्ज्याची सावली जवळपास पाच फूट पूर्वेला ढकलली जाते, आणि चार फुटी खिडकीच्या पश्चिमेकडच्या खालच्या भागात त्रिकोण उघडा पडतो, मापून बघितलं तर काचेचा निम्मा भाग.

आता घाबरण्याआधी एक गोष्ट. स्केचअप उन्हाला फक्त 'आहे' किंवा 'नाही' दाखवतं, किती कडक ते नाही. या त्रिकोणातलं ऊन काचेवर ७४ अंश तिरकं पडतं, त्यामुळे काचेच्या एका चौरस फुटाला सरळ उन्हाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच मिळतो आणि त्यातलंही बरंच काच परतवते. पश्चिमेला मे महिन्यात पाच वाजता ऊन जवळपास सरळ आदळतं. दोन्ही पिवळे त्रिकोण स्क्रीनवर सारखेच दिसतात, खोलीत सारखे नसतात. तरी त्रिकोण नकोच असेल तर छज्जा दोन-तीन खिडक्यांवरून सलग न्या, किंवा खिडकीच्या पश्चिम बाजूला दीड फुटी उभी भिंतीची पट्टी द्या. उभी फिन इथे खरोखर कामाची आहे.

११. जूनमध्ये दुपारी उत्तरेच्या भिंतीवर ऊन दाखवतंय! उत्तर उलटी लागली का?

नाही, हे इंदूर असंच आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडं पलीकडून जातं. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपासपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. दुपारचं ते ऊन भिंतीला घासून जातं, त्याची चिंता नको. उत्तरेच्या खिडकीला त्रास मे-अखेर ते जून संध्याकाळी पाच-सहाला होतो, आणि तिथे ऊन खूप बाजूने येतं, म्हणून काचेच्या पश्चिम कडेला दीड फुटाची उभी फिन चार फुटी खिडकीला पुरते. उत्तर खरंच उलटी लागली असेल तर डिसेंबरच्या खांबाच्या तपासणीत (प्रश्न ३) लगेच सापडेल.

१२. शेजारची तीन मजली इमारत ऊन अडवते, ती हिशोबात धरायची की नाही?

मॉडेलमध्ये ठोकळा टाकाच, कारण पश्चिमेला ती छज्ज्यापेक्षा जास्त काम करते. समजा बारा फुटांवर इमारत आहे आणि तिचं टोक तुमच्या सिलपेक्षा वीस फूट वर आहे, तर १५ मेला दुपारी तीनच्या सुमारानंतर तळमजल्याच्या खिडकीवर तिच्यामुळे ऊन येत नाही, पट्ट्यांचा खर्च वाचला. वरच्या मजल्याला मात्र हा फायदा नाही, म्हणून प्रत्येक मजल्याची खिडकी वेगळी बघा, तळाचं उत्तर वर चिकटवू नका. झाडं आणि शेजारचा रिकामा प्लॉट धरू नका, झाड कापलं जातं आणि रिकाम्या प्लॉटवर काय उभं राहील ते कोणी सांगावं.

१३. आम्ही ग्वाल्हेरला / बडोद्याला आहोत, हेच आकडे चालतील?

बडोद्याला दक्षिणेचा आकडा जवळपास तोच, एक फूट दहा इंच, पण तिथे खरी दुपार साडेबारा उलटून गेल्यावर होते, म्हणून पश्चिमेचं ऊन घड्याळात आणखी दहा मिनिटं उशिरापर्यंत छळतं. ग्वाल्हेर २६.२ अंशांवर, तिथे त्याच खिडकीला दोन फूट अडीच इंच लागतील, आणि थंडी जास्त असल्यामुळे डिसेंबरचं ऊन अडवू नका. दोन्हीकडे अक्षांश-रेखांश बदलून एक फुटी पट्टी परत लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

१४. सगळ्या खिडक्या सावलीत आल्या तरी खोली तापते. मग स्टडी खोटा का?

सावलीचा स्टडी फक्त थेट ऊन दाखवतो. आकाशाचा उजेड, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून आणि पार्किंगच्या फरश्यांवरून परतणारं ऊन, गच्चीची स्लॅब, ऊन खात बसलेली पश्चिमेची भिंत, यातलं काहीच त्यात नसतं. वरच्या मजल्याची खोली तापत असेल तर बहुतेक वेळा दोष गच्चीचा असतो, छज्जा वाढवून काही होणार नाही. कुठून तापतंय ते बघायचं सोपं आहे: संध्याकाळी सातला काच, पश्चिमेची भिंत आणि छत यांना हात लावा. काच गार आणि छत गरम, तर पैसे छतावर खर्च करा.